पाटी आपली, पत्ता आपला : वेबसाइटच्या नावाखालीच वेगळे दुकान

व्यापारी बांधवांनी इंटरनेटवर दुकान मांडायचे ठरवले की माल, पैसे आणि कुरिअर या तीन गोष्टींची चौकशी बारकाईने होते. दुकानाचा पत्ता कोणाच्या नावाचा असेल, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. वेबसाइट बनवणारा मुलगा जो पत्ता देतो तो कार्डावर, बिलबुकावर आणि दुकानाच्या पाटीवर छापला जातो. दोन-तीन वर्षांनी सेवा बदलायची वेळ येते, तेव्हा कळते की तो पत्ता आपला नव्हताच. गिऱ्हाईक जुन्याच पत्त्यावर जाते आणि तिथे एक तर काही नसते, नाही तर दुसरेच कोणी बसलेले असते.

यावर सोपा आणि जवळजवळ बिनखर्चाचा उपाय आहे. त्याला सबडोमेन म्हणतात. आपल्या वेबसाइटच्या नावाच्या आधी एक शब्द आणि ठिपका जोडून वेगळा पत्ता तयार करायचा आणि तो नव्या दुकानाकडे वळवायचा. मुख्य वेबसाइट जागेवरच राहते आणि दुकान दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालते. नाव मात्र दोन्हीकडे आपलेच असते.

नाव उजवीकडून वाचावे

इंटरनेटवरचे नाव आपण डावीकडून वाचतो, पण त्याची मालकी उजवीकडून ठरते. परभणीकरांच्या नेहमीच्या वापरातली दोन नावे पाहा. जिल्हा प्रशासनाची वेबसाइट parbhani.gov.in या पत्त्यावर आहे आणि जिल्हा न्यायालयाची parbhani.dcourts.gov.in या पत्त्यावर. दोन्हींची सुरुवात परभणी या शब्दानेच होते. तरी पहिल्यात परभणी हेच नोंदवलेले मूळ नाव आहे. दुसऱ्यात मूळ नाव dcourts.gov.in हे आहे आणि परभणी हा त्याच्या पोटातला एक कप्पा. dcourts.gov.in ज्यांच्या ताब्यात आहे तेच ठरवतात, की त्याच्या आधी परभणी लावून कोणती वेबसाइट उघडायची.

म्हणजे मूळ नाव एकदा आपल्या ताब्यात आले की त्याच्या डावीकडे किती कप्पे पाडायचे हा आपला अधिकार. त्यासाठी कोणाकडे नव्याने नोंदणी करावी लागत नाही की वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. वर्षाची फी फक्त मूळ नावाची. हे नाव .com मध्ये असो की .in मध्ये, नियम हाच.

सातबाऱ्याचे दोन काउंटर

वेगळे दुकान वेगळ्या सबडोमेनवर का ठेवावे, याचे उत्तम उदाहरण जिल्ह्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे. राज्याच्या महसूल विभागाचे mahabhumi.gov.in हे मूळ नाव. सातबारा नुसता पाहायचा असेल तर bhulekh.mahabhumi.gov.in उघडावे, तिथे पैसे लागत नाहीत. कामासाठी डिजिटल सही असलेला उतारा हवा असेल तर digitalsatbara.mahabhumi.gov.in वर जावे. तिथे लॉगिन करून रक्कम जमा करावी लागते आणि एका उताऱ्यामागे १५ रुपये वजा होतात.

एका ठिकाणी पाहणे आणि दुसऱ्या ठिकाणी पैसे भरून घेणे, असे हे दोन काउंटर एकाच पाटीखाली आहेत. पैसे घेणारा काउंटर दुरुस्तीसाठी बंद ठेवला तरी दुसरा चालू ठेवता येतो. दोन्हींची यंत्रे, नोकरवर्ग आणि सॉफ्टवेअर वेगवेगळे ठेवता येते. शेतकऱ्याला मात्र शेवटचे mahabhumi.gov.in पाहून खात्री पटते की पैसे सरकारी खात्यातच जात आहेत.

फसवणूक करणारे नेमका इथेच डाव टाकतात. ते ठिपक्याच्या जागी आडवी रेघ घालतात, किंवा खरे नाव डावीकडे ठेवून उजवीकडे आपले नाव जोडतात. सातबारा आणि महाभूमी हे दोन्ही शब्द पत्त्यात दिसतात, पण शेवट gov.in ने होत नाही. उजवीकडून वाचण्याची सवय असेल तर हा डाव लगेच उघडा पडतो. आपल्या गिऱ्हाइकालाही हेच शिकवता येते, की पत्त्याच्या शेवटी आमच्या दुकानाचे नाव असेल तरच पैसे भरा. पण त्यासाठी दुकान खरोखरच आपल्या नावाखाली हवे.

परक्याच्या ओट्यावरचे दुकान

बहुतेक ठिकाणी घडते ते याच्या उलट. तयार दुकान देणाऱ्या सेवा सुरुवातीला आपल्याच नावाखाली एक कप्पा फुकट देतात. तो कप्पाही सबडोमेनच, पण मूळ नाव त्यांचे. ब्लॉगसाठी मिळणारा blogspot.com चा पत्ता असो की शॉपिफायवर मिळणारा myshopify.com चा, दोन्ही याच जातीचे. एखाद्याने आपल्या ओट्यावर माल मांडू दिला, तसेच हे. ओट्याचा मालक भला असेलही, पण ओटा त्याचाच.

मालक केवढाही मोठा असला तरी धोका कसा राहतो, हे blogspot.in च्या प्रकरणाने दाखवले. २०१२ मध्ये गूगलने भारतातील वाचकांना blogspot.com वरून blogspot.in या पत्त्याकडे वळवायला सुरुवात केली. त्यामुळे अनेक लेखकांनी आणि संस्थांनी हाच पत्ता जागोजागी दिला. पुढे गूगलने ही पद्धत बंद केली. २०२० मध्ये blogspot.in हे नाव गूगलच्या हातून सुटले आणि दुसऱ्याच कोणाच्या नावे नोंदले गेले. ब्लॉग blogspot.com वर सुखरूप होते, एकही लेख नष्ट झाला नाही. पण .in चे जे लाखो दुवे इतर वेबसाइटांवर आणि लोकांच्या संग्रहात होते ते एका दिवसात निकामी झाले. यात ब्लॉग लिहिणाऱ्यांची काहीच चूक नव्हती आणि त्यांच्या हाती काही उपायही नव्हता, कारण नाव त्यांचे नव्हतेच.

परभणीतच याचे एक सौम्य उदाहरण आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचा वेबसाइटचा पत्ता एके काळी mkv2.mah.nic.in असा होता. हा कप्पा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या nic.in या नावाखालचा. २०१३ मध्ये विद्यापीठाचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ झाले आणि आज त्यांचा पत्ता vnmkv.ac.in हा आहे. आता मूळ नाव त्यांचे स्वतःचे आहे. पण जुन्या पुस्तिकांवर आणि घडीपत्रिकांवर छापलेला पत्ता काही कोणाला बदलता येत नाही. विद्यापीठाला लोक नावाने शोधून काढतात. छोट्या दुकानदाराला शोधायला कोणी एवढा वेळ देत नाही.

एक दुकान धरून चालू

आता कृती पाहू. नमुन्यादाखल परभणीतील एक दुकान धरू. फवारणी पंपाचे सुटे भाग, म्हणजे नोझल, वॉशर, डायफ्राम, प्रेशर पाईप आणि बॅटरी पंपाचे चार्जर विकणारे. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरीकडचे गिऱ्हाईक कापूस आणि सोयाबीनच्या हंगामात एका वॉशरसाठी शहरात येते आणि दिवसाची मजुरी घालवते. दुकानदाराला हे भाग कुरिअरने पाठवायचे आहेत. त्याची साधी चार पानांची वेबसाइट आहे. तीवर पत्ता, फोन, कंपन्यांची नावे आणि नकाशा एवढेच. त्याच नावावर त्याचा ईमेल चालतो आणि पंपकंपन्यांची बिले व कोटेशन त्यावरच येतात. दुकानाच्या खऱ्या नावाच्या जागी आपण येथे example.com लिहू. वाचकांनी तिथे आपले नाव वाचावे.

जुन्याच वेबसाइटमध्ये विक्रीची सोय बसवणे हा त्याच्यासमोरचा पहिला मार्ग. पण स्वस्त होस्टिंगवरच्या चार साध्या पानांना मालाची यादी, शिल्लक, पैसे आणि पावती हा भार पेलायचा तर सगळे नव्याने बांधावे लागेल. दुसरा मार्ग नवे नाव घेण्याचा. तसे केले तर वर्षाला दोन फिया, दोन मुदती आणि गिऱ्हाइकाच्या मनात गोंधळ. तिसरा मार्ग dukan.example.com असे सबडोमेन काढून ते तयार दुकान देणाऱ्या सेवेकडे वळवण्याचा. त्याने तिसरा मार्ग घेतला आणि सेवा शॉपिफायची घेतली, असे धरू. दुसरी सेवा घेतली तरी रीत हीच, फक्त एका ओळीतला मजकूर बदलतो.

यात एक तांत्रिक बारकावा आहे, तो आधी समजून घ्यावा. एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या नोंदीला सीनेम म्हणतात. नियम असा, की ज्या नावाला सीनेम लावला त्याच नावावर दुसरी कोणतीही नोंद ठेवता येत नाही. मूळ example.com ला तो लावता येत नाही, कारण तिथे ईमेलची आणि इतर आवश्यक नोंद असते. dukan.example.com हा मात्र कोरा कप्पा असतो. त्याला सीनेम लावला तर ना जुनी वेबसाइट हलते, ना ईमेल. बाहेरची सेवा सबडोमेनवर इतकी सहज बसते याचे एक कारण हेच.

हात लावण्यापूर्वी

पहिले काम, मूळ नाव कोणाच्या खात्यात आहे ते पाहणे. आपल्याकडे वेबसाइट करून देणारा मुलगा बहुधा आपल्याच खात्यातून आणि आपल्याच ईमेलवर नाव नोंदवतो. त्यात त्याचा हेतू वाईट असतोच असे नाही, सोयीसाठी तो तसे करतो. पण तो पुण्याला नोकरीला गेला, फोन बदलला, की वर्षाची फी भरण्याची सूचना कोणापर्यंतच पोचत नाही. मुदत टळली की मूळ नावासोबत सगळे कप्पे आणि ईमेल एकदम बंद पडतात. म्हणून नोंदणी करणाऱ्या कंपनीत स्वतःचे खाते उघडावे, नाव त्यात वर्ग करून घ्यावे आणि पासवर्ड दुकानाच्या कागदपत्रांसोबत जपावा. दुकानाची जागा भाड्याची चालेल, नाव भाड्याचे चालत नाही.

दुसरे काम, नोंदवही कुठे आहे ते शोधणे. नाव एका कंपनीकडे घेतलेले असते, पण त्याच्या नोंदी दुसरीकडे, बहुधा होस्टिंगवाल्याकडे ठेवलेल्या असतात. चुकीच्या वहीत कितीही नोंदी केल्या तरी त्या कोणी वाचत नाही. नवख्या माणसाचे दोन दिवस इथेच जातात. संगणकाच्या कमांडच्या काळ्या खिडकीत पुढची ओळ लिहावी :

```
nslookup -type=ns example.com
```

उत्तरात नेमसर्व्हरची नावे येतात. ती ज्या कंपनीची असतील, खरी वही तिच्याकडे. नोंद तिथेच करायची.

तिसरे काम, त्या वहीत आज जे काही आहे त्याचे फोटो काढून ठेवणे. विशेषतः एमएक्स आणि टीएक्सटी नावाच्या ओळी. एमएक्स म्हणजे ईमेल कुठे पोचवायचा त्याचा पत्ता. काही सेवा सांगतात की तुमचे नेमसर्व्हरच आमच्याकडे वळवा, पुढचे सगळे आम्ही करू. हे ऐकायला सोपे असते. पण असे केले की संपूर्ण वही बदलते आणि नव्या वहीत ईमेलच्या ओळी नसतील तर येणारा ईमेल त्या दिवसापासून थांबतो. आपल्या दुकानदाराला हे कळेल तेव्हा हंगामाची कोटेशने हुकलेली असतील. एका सबडोमेनसाठी नेमसर्व्हर बदलायची गरज नसते, एक ओळ वाढवली की पुरे.

ती एक ओळ

वहीत नवी नोंद करताना चार रकाने भरायचे असतात :

```
Type:  CNAME
Host:  dukan
Value: shops.myshopify.com
TTL:   3600
```

पहिल्या रकान्यात नोंदीचा प्रकार, दुसऱ्यात आपल्या कप्प्याचे नाव, तिसऱ्यात तो कुठे वळवायचा ते ठिकाण. चौथ्यातला आकडा सेकंदांचा आहे. जगभरच्या यंत्रांनी हे उत्तर किती वेळ लक्षात ठेवावे, ते तो सांगतो. ३६०० म्हणजे एक तास. पुढे कधी दुकान दुसऱ्या सेवेकडे न्यायचे झाले तर आदल्या दिवशी हा आकडा ३०० करावा. मग बदल केल्यावर जुने उत्तर साधारण पाच मिनिटांतच विसरले जाते आणि गिऱ्हाईक रिकाम्या दुकानात जात नाही.

नोंद जतन केल्यावर शॉपिफायच्या सेटिंगमध्ये डोमेनच्या पानावर जाऊन आधीचे नाव जोडण्याचा पर्याय निवडावा आणि dukan.example.com लिहावे. ही दुसरी बाजू लोक विसरतात. वहीतली नोंद म्हणजे टपाल खात्याला दिलेला नवा पत्ता. त्या पत्त्यावरच्या इमारतीत आपल्या नावाचा गाळा कोणता, हे इमारतीच्या मालकालाही सांगावे लागते. दोन्हीकडे सांगितल्याशिवाय दुकान उघडत नाही.

थोड्या वेळाने तपासावे :

```
nslookup dukan.example.com
```

उत्तरात shops.myshopify.com हे नाव दिसले तर नोंद बरोबर लागली. मग ब्राउझरमध्ये https लावून पत्ता उघडावा. सुरुवातीला सुरक्षेचा इशारा येऊ शकतो. त्याचे कारण असे, की मुख्य वेबसाइटचे सुरक्षा प्रमाणपत्र बहुधा example.com आणि www या दोनच नावांसाठी असते, नव्या कप्प्याला ते लागू पडत नाही. सेवा देणारी कंपनी स्वतः नवे प्रमाणपत्र काढते, त्याला काही तास लागू शकतात. इशारा गेल्याशिवाय पत्ता कोणाला देऊ नये. पैसे भरताना इशारा पाहिलेले गिऱ्हाईक परत येत नाही.

चूक कशी ओळखावी

नाव सापडतच नाही असे उत्तर आले तर दोन शक्यता तपासाव्यात. एक तर नोंद चुकीच्या वहीत झाली आहे. दुसरी शक्यता म्हणजे दुसऱ्या रकान्यात नुसते dukan लिहायच्या ऐवजी पूर्ण dukan.example.com लिहिले गेले. पुष्कळ वह्या त्यापुढे मूळ नाव आपोआप जोडतात आणि पत्ता dukan.example.com.example.com असा तयार होतो. ही चूक फार होते, आणि नोंदींच्या यादीत पूर्ण नाव वाचले की लगेच दिसते.

नाव सापडते, पण सेवेचेच पान उघडते आणि असे दुकान नाही म्हणते, तर वहीतली नोंद ठीक आहे. सेवेच्या खात्यात नाव जोडायचे राहिले आहे. आपल्या मोबाइलवर उघडते पण दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडत नाही, तर बहुधा जुने उत्तर अजून कुठे तरी लक्षात आहे. टीटीएलइतका वेळ थांबावे. त्या वेळात पुन्हा पुन्हा नोंदी बदलत बसू नये, त्याने गुंता वाढतो.

पैशाच्या बाबतीतही एक गोष्ट राहून जाते. पैसे स्वीकारून देणाऱ्या पेमेंट गेटवेकडे वेबसाइटचा पत्ता नोंदवलेला असतो. मुख्य वेबसाइट नोंदवली होती म्हणून सबडोमेन आपोआप चालेल असे धरू नये. नवा पत्ता आधी कळवावा आणि मग स्वतः दहा रुपयांची खरेदी करून पाहावी. विक्रेत्याचे नाव, पत्ता, फोन, माल परत घेण्याचा नियम आणि तक्रार कोणाकडे करायची, हे सबडोमेनवरच्या दुकानातही पूर्ण लिहावे. ते मुख्य वेबसाइटवर असले तरी गिऱ्हाईक तिकडे जाऊन पाहत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसारही ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी ही माहिती ठळक देणे अपेक्षित आहे.

लेखांसाठीही वेगळा कप्पा हवा का?

आपला दुकानदार पंपदुरुस्तीवर लेख लिहू लागला असे धरू. दाब का कमी होतो, डायफ्राम कसा बदलावा, तणनाशक फवारल्यावर पंप कसा धुवावा, असे विषय. हे लेख blog.example.com वर ठेवावेत, की मुख्य वेबसाइटमध्येच example.com/blog अशा उपपानावर?

याचे उत्तर दुकानापेक्षा वेगळे आहे. गूगल म्हणते की आम्हाला दोन्ही पद्धती चालतात. अनेक अनुभवी लोकांचे मत मात्र असे, की उपपानावरचे लेख मुख्य वेबसाइटला शोधात वर यायला अधिक मदत करतात, कारण दुसऱ्यांनी त्या लेखांना दिलेले दुवे त्याच वेबसाइटच्या खात्यावर जमा होतात. हा वाद मिटलेला नाही. आपण व्यवहारी कसोटी लावावी. मुख्य वेबसाइट वर्डप्रेससारख्या सॉफ्टवेअरवर असेल आणि लेख लिहायची सोय तिच्यातच असेल, तर वेगळा कप्पा काढू नये. वेगळ्या कप्प्याचे कारण यंत्र वेगळे असणे हे असते. लेखाचा विषय वेगळा आहे एवढ्यासाठी कप्पा काढण्यात अर्थ नाही.

आपल्या दुकानदाराची वेबसाइट चार साध्या पानांची आहे आणि लेख लिहायला त्याला फुकट ब्लॉगर सोयीचे वाटते. मग त्याच्यासाठी सबडोमेन योग्य. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये स्वतःचे डोमेन लावायचा पर्याय आहे. तिथे नाव लिहिले की ते दोन सीनेम नोंदी दाखवते. पहिली blog हा कप्पा ghs.google.com कडे वळवणारी. दुसरी प्रत्येकाला वेगळी मिळते, तीत अक्षरांची विचित्र लांब जोडी असते. नाव आपलेच आहे हे गूगलला पटवण्यासाठी ती असते. ती हाताने न लिहिता जशीच्या तशी चिकटवावी. दोन्ही नोंदी लागल्यावर जुन्या blogspot.com पत्त्यावर येणारा वाचकही आपोआप नव्या पत्त्याकडे वळतो. उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे जायचे ठरले तर लेख उतरवून न्यावेत, पानांची नावे तीच ठेवावीत आणि वहीतली नोंद बदलावी. वाचकाला पत्ता बदललेला कळतही नाही. blogspot.in वाल्यांना ही संधी मिळाली नव्हती.

दुकान बंद करताना

दुकान उघडताना लोक जपून वागतात, बंद करताना मात्र निष्काळजी होतात. सर्वांत मोठा धोका तिथेच असतो. समजा दोन हंगामांनंतर दुकानदाराने सेवेचे पैसे भरणे थांबवले आणि खाते बंद झाले. वहीतली ती एक ओळ मात्र तशीच राहिली. dukan.example.com अजून त्या सेवेच्या इमारतीकडे बोट दाखवते, पण तिथे त्याचा गाळा नाही. काही सेवांमध्ये अशा वेळी तिसराच माणूस आपल्या खात्यात हे नाव जोडू शकतो. मग आपल्या दुकानाच्या नावावर त्याचे दुकान उघडते, सुरक्षा प्रमाणपत्रासह. पैसे भरण्यापूर्वी पत्त्याचा शेवट पाहा, असे आपणच गिऱ्हाइकाला शिकवलेले असते. तो पाहतो, नाव बरोबर असते, आणि पैसे जातात. अनेक सेवा आता मालकीची खूण मागतात म्हणून धोका कमी झाला आहे, पण संपलेला नाही.

म्हणून बंद करण्याचा क्रम ठरलेला असावा. आधी वहीतली सीनेमची ओळ काढावी, किंवा कप्पा मुख्य वेबसाइटच्या यंत्राकडे वळवून तिथे दुकान बंद असल्याची सूचना आणि फोन नंबर द्यावा. टीटीएलचा वेळ जाऊ द्यावा. सेवेचे खाते त्यानंतर बंद करावे. खाते आधी आणि ओळ नंतर, असे केले की मधल्या काळात दार सताड उघडे राहते.

वर्षातून एकदा, नावाची फी भरायच्या दिवशी, वही उघडून प्रत्येक ओळ वाचावी. ही ओळ कशासाठी आहे याचे उत्तर ज्या ओळीला मिळत नाही, तिची आधी चौकशी करावी आणि गरज नसेल तर ती काढावी. चौकशीशिवाय काढू नये, कारण ती ईमेलची किंवा मालकीच्या खुणेची ओळ असू शकते. हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते दुकानदाराने स्वतः करावे किंवा आपल्यासमोर करून घ्यावे, कारण त्या वहीत ज्याचा हात चालतो, त्याच्याच हातात दुकानाची पाटी असते.